मोटरच्या पेटीचा दीड मिनिटाचा व्हिडिओ: संहितेच्या कामाच्या नोंदी

४ जून

काम आलं. शेतातली थ्री फेज मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारी पेटी आहे. गावाकडे तिला कुणी ‘मोबाईल ऑटो’ म्हणतं, कुणी नुसतं ‘ऑटो’. कंपनी छोटी आहे, माल चांगला असावा असं डीलरच्या बोलण्यावरून वाटलं. व्हिडिओ ९० सेकंदांचा हवा. डीलर तो व्हॉट्सॲपवर पाठवणार आणि कृषी प्रदर्शनात स्टॉलवरच्या टीव्हीवर फिरत ठेवणार.

‘संहिता तयारच आहे, फक्त जरा बोलीभाषेत करून द्या’ असा निरोप होता. आलेली संहिता म्हणजे त्यांचं माहितीपत्रकच, फक्त वर ‘निवेदक’ असं लिहिलेलं. पहिलं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवते, पुढे कामाला येईल:

«अत्याधुनिक जीएसएम तंत्रज्ञानावर आधारित, सर्व प्रकारच्या थ्री फेज मोटर पंपांसाठी उपयुक्त, शेतकरी बांधवांच्या गरजा लक्षात घेऊन खास विकसित करण्यात आलेले हे स्वयंचलित मोबाईल पंप कंट्रोलर सिंगल फेजिंग, ड्राय रन, ओव्हरलोड, फेज रिव्हर्सल व लो-हाय व्होल्टेज यांपासून आपल्या मोटरला संपूर्ण संरक्षण प्रदान करते.»

हे एकच वाक्य आहे. पूर्णविराम एकदाच, तोही शेवटी.

५ जून

दार लावून, घड्याळ समोर ठेवून मोठ्यानं वाचलं. पूर्ण संहिता ३१२ शब्दांची, वेळ लागला २ मिनिटं ५० सेकंद. म्हणजे माझा वेग मिनिटाला साधारण ११० शब्द पडतो. मराठी शब्दाला विभक्ती, शब्दयोगी अव्यय, सगळं चिकटलेलं असतं. ‘तंत्रज्ञानावर’, ‘पंपांसाठी’, ‘यांपासून’. त्यामुळे शब्द मोजायला कमी आणि तोंडात लांब. पटापट वाचून दीड मिनिटात बसवता येईल, पण मग ते बसस्थानकावरच्या सूचनेसारखं होईल.

आता ते पहिलं वाक्य. ४२ शब्द. वस्तूचं नाव, म्हणजे ‘कंट्रोलर’, येतं पंचविसाव्या शब्दाला. ११० च्या वेगानं तिथं पोचायला जवळपास १४ सेकंद लागतात. तोवर ऐकणाऱ्याच्या हाती काय आहे? कशावर तरी आधारित, कशासाठी तरी उपयुक्त, कुणीतरी विकसित केलेलं. विशेषणांची वरात चालली आहे आणि नवरदेवाचा पत्ता नाही. नाव आल्यावर पुन्हा पाच बिघाडांची यादी, आणि ‘करते’ हे क्रियापद बेचाळिसाव्या जागी.

कागदावर हे खपतं, कारण डोळा पुढे पळून नाव शोधून काढतो आणि मग मागे येतो. कानाला मागे येता येत नाही. आपल्या भाषेत क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे ऐकणारा तसाही वाक्यभर ओझं धरून असतो. त्यावर नामाच्या आधी अशी लांबलचक विशेषणं लादली की त्याचे दोन्ही हात भरतात आणि तो सगळंच खाली टाकतो. म्हणून ‘बोलीभाषेत करा’ म्हणजे ‘प्रदान करते’च्या जागी ‘देते’ लिहा, एवढ्यानं भागणार नाही. शब्द सोपे केले आणि वाक्याची बांधणी तशीच ठेवली, तर ते सोप्या शब्दांतलं माहितीपत्रक होईल.

वाचताना जिथे श्वास घ्यावा लागला तिथे पेन्सिलीनं रेघ मारली, जिथे जीभ अडखळली तिथे गोल केला. बहुतेक रेघा चुकीच्या जागी आल्या. ‘गरजा लक्षात’ आणि ‘घेऊन’ यांच्यामध्ये श्वास. ‘विकसित करण्यात’ आणि ‘आलेले’ यांच्यामध्ये श्वास. अर्थ तुटत नाही तिथे दम तुटतो आहे. दुरुस्ती कुठे हवी याचा नकाशा या रेघांनीच काढून दिला.

फोनवर रेकॉर्डही करून ठेवलं. उद्या कागद समोर न ठेवता ऐकणार.

६ जून

भांडी घासताना कालचं रेकॉर्डिंग लावलं. पाण्याचा आवाज, मधेच कुकरची शिट्टी. प्रदर्शनातल्या स्टॉलवर यापेक्षा जास्तच गोंगाट असेल. पहिल्या मिनिटातलं डोक्यात राहिलं ते ‘शेतकरी बांधवांच्या’ आणि ‘संपूर्ण’. बाकी वाहून गेलं. हे वाक्य काल मी स्वतः दहा वेळा वाचलं होतं, तरीही.

८ जून

मामांच्या शेतावर गेले होते. विहीर, दोन एकर ऊस, थोडी भाजी. त्यांच्याकडे दुसऱ्याच कोणत्या तरी कंपनीची अशी पेटी आहे, म्हणून मुद्दाम. शेजारचे दोघेजण आले आणि मोटर रिवाइंडिंग करणारे एक दादाही होते, ते पाइप बघायला आले होते.

आधी त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं, एकदाच. मग विचारलं, ‘हे काय आहे, मला सांगा.’ मामा म्हणाले, ‘मोबाईलचं काहीतरी आहे. आणि लई चांगलं आहे.’ शेजारचे म्हणाले, ‘इन्शुरन्स आहे का?’ ते ‘संपूर्ण संरक्षण’मुळे.

मग म्हटलं, आता तुमच्याकडची पेटी काय करते ते सांगा. मामांनी जे सांगितलं ते तसंच लिहून घेतलं: ‘आता बघ, रात्रीची लाईट असली का ही फोन करती. मग मी तितनंच दाबतो, मोटर चालू. न्हाईतर आधी बॅटरी घेऊन जायाचो विहिरीवर. एकदा साप होता पेटीवर.’

पहिली दोन वाक्यं बघा. घटना ज्या क्रमानं घडतात त्याच क्रमानं सांगितलेल्या. आधी लाईट येते, मग फोन येतो, मग माणूस बटण दाबतो, मग मोटर चालू होते. आधीच्या घटनेला ‘का’ किंवा ‘मग’ची कडी लावून पुढची अडकवलेली. ‘लाईट आल्यानंतर येणाऱ्या फोनवर बटण दाबून मोटर चालू करण्याची सुविधा’ असं मामा कधीच म्हणणार नाहीत. त्या रचनेत सगळ्या घटना शेवटच्या ‘सुविधा’ या नामाच्या पोटात कोंबलेल्या असतात. माझं काम हेच आहे: कोंबलेलं बाहेर काढायचं आणि रांगेत लावायचं.

रिवाइंडिंगवाल्या दादांकडून दुसरी गोष्ट मिळाली. त्यांच्याकडे जळालेल्या मोटरी येतात, म्हणून विचारलं की सिंगल फेजनं नक्की काय होतं. म्हणाले, ‘तीन बैलांचं ओझं दोघांवर आलं की काय होईल? ओढतात, पण तोंडाला फेस येतो.’ एक फेज गेला तरी चालू असलेली मोटर लगेच थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते. त्या दोन फेजमधला करंट वाढतो, वाइंडिंग तापतं, इन्शुलेशन जळतं. वासावरून कळतं तोवर उशीर झालेला असतो.

बैलांचं उदाहरण वापरायचा मोह फार झाला. ठेवायचं नाही असं ठरवलं. ते त्यांच्या तोंडी शोभतं, स्टुडिओतल्या निवेदकाच्या तोंडी ते ‘ग्रामीण टच’ होईल. पण ‘ओढत राहते’ हे क्रियापद घेतलं.

आणखी एक टिपण: कुणीही ‘वीजपुरवठा’ म्हणालं नाही. लाईट. ‘ट्रान्सफॉर्मर’ नाही, डीपी. ‘कंट्रोलर’ नाही, पेटी.

९ जून

कंपनीच्या इंजिनिअरशी फोनवर पाऊण तास. एकच प्रश्न घेऊन बसले होते: ‘संपूर्ण संरक्षण’ म्हणजे पेटी नक्की काय करते?

कागदावर ‘संपूर्ण’ लिहिलं की कुणी विचारत नाही. माणसानं मोठ्यानं म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, म्हणजे? म्हणून हा प्रश्न आधी मीच विचारायला हवा.

उत्तरं आली ती अशी. पेटी तिन्ही फेजवर लक्ष ठेवते. एखादा गेला तर स्टार्टरला ट्रिप करते. मोटरच्या एका वायरवर करंट मोजणारी कडी, म्हणजे सीटी, बसवलेली असते. विहिरीतलं पाणी संपलं की पंपावरचा भार कमी होतो, करंट उतरतो, त्यावरून पेटी ‘ड्राय रन’ ओळखते. पण किती करंट म्हणजे ‘उतरलेला’, हे पेटीला आपोआप कळत नाही. बसवल्यावर, विहिरीत भरपूर पाणी असताना मोटर चालवून तिचा नेहमीचा करंट पेटीत एकदा नोंदवावा लागतो. तो नोंदवला नाही, तर ड्राय रनचं फीचर आहे पण नाही. माहितीपत्रकात ही ओळ कुठेच नाही. इंजिनिअर म्हणाले, ‘मॅडम, आमच्या निम्म्या तक्रारी याच्याच असतात.’

मग दुसरं. सिमला रेंज नसेल तर? फोन येणार नाही आणि फोनवरून मोटर चालूही करता येणार नाही. मात्र फेज गेल्यावर मोटर थांबवणं पेटी जागच्या जागी करते, त्याचा रेंजशी संबंध नाही. हे फार महत्त्वाचं आहे. मामांचा समज नेमका उलटा होता: ‘रेंज गेली का पेटी मेली.’

तिसरं, ‘लाईट येताच मोटर आपोआप सुरू’. माहितीपत्रकात हे सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे. असा मोड पेटीत आहे खरा. पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी लाईट आल्याच्या क्षणी एकदम उठल्या की डीपीवर एकाच वेळी भार पडतो, व्होल्टेज बसतं, डीपी जळतोसुद्धा. म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच वापरू नका, कॅपॅसिटर बसवा, असं आवाहन करत असतं. आमच्या व्हिडिओनं बरोबर त्याच गोष्टीची जाहिरात करायची, हे मला पटेना. इंजिनिअर म्हणाले की त्या मोडला उशिरा सुरू होण्याची वेळ लावता येते. ठीक आहे, पण हे समजावायला निवेदनाचे वीस सेकंद जातील. हा मोड आवाजातून काढायचा, फोनवरून चालू करण्याची गोष्ट ठेवायची. विक्रीवाल्यांना आवडणार नाही.

११ जून

पहिला खर्डा. वाया गेला. का गेला ते लिहून ठेवते, कारण ही चूक मी याआधीही केली आहे.

बोलकं करायचं म्हणून दोन शेतकऱ्यांचा संवाद लिहिला. बांधावर भेटतात. एक दमलेला, दुसरा टवटवीत. ‘काय दादा, रात्रभर जागलात वाटतं?’ ‘काय सांगू, मोटर चालू करायला गेलो होतो.’ इथपर्यंत बरं होतं. मग टवटवीत दादा म्हणतात, ‘अहो, मी तर मोबाईल पंप कंट्रोलर बसवलाय! त्यात ड्राय रन आणि ओव्हरलोड प्रोटेक्शनसुद्धा आहे!’

माहितीपत्रकच ते, फक्त फेटा बांधून आलेलं. जगात कुठलाही माणूस बांधावर उभा राहून दुसऱ्याला फीचरची यादी सांगत नाही. शिवाय संवादात सेकंद फार जातात: नमस्कार, विचारपूस, आश्चर्य. दीड मिनिटातलं अर्धं मिनिट ‘हो का?’, ‘काय सांगता!’ यातच गेलं.

एकच आवाज, सरळ ‘तुम्ही’शी बोलणारा. ‘आपण’ नको. ‘आपल्या मोटरला’ यात आपली म्हणजे माझीही की फक्त तुमची, हा घोळ कानाला होतो.

१२ जून

दुसरा खर्डा. या वेळी कागदाला उभी रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज. आधी डावीकडचा रकाना भरला. जे दिसतं आहे ते बोलायचं नाही, एवढा एकच नियम. पेटीचा रंग, स्टार्टरशेजारी ती कुठे बसते, वायर कुठे जाते, हे सगळं दिसतं. जे दिसू शकत नाही ते आवाजात: का, कधी, मग काय होतं. एक फेज गेला हे कॅमेऱ्याला दिसत नाही. करंट उतरला हे दिसत नाही. म्हणून तिथे आवाजानं थांबून, हळू बोलायचं.

आकडे सगळे काढले. मूळ संहितेत व्होल्टेजची रेंज होती, अश्वशक्तीची रेंज होती, रिलेची क्षमता होती. हे आकडे खरेदीच्या वेळी लागतातच, पण ते वाचायचे असतात. शेवटी चार सेकंदांची पाटी येईल, आवाजाशिवाय. पाटीवर एक मजकूर आणि कानावर दुसरा, असं झालं की दोन्ही जातात.

लिहिताना एक सवय मुद्दाम पाळली: पूर्ण वाक्य तोंडानं म्हणून झाल्याशिवाय टाईप करायचं नाही. शेजारच्या काकूंना वाटलं असेल, हिला कुणाचा तरी फोन आलाय.

‘केले आहे’, ‘पाणी संपले’ असं कुठेही लिहिलं नाही. ‘केलंय’, ‘संपलं’. हा प्रमाणलेखनाचा वाद नाही, सोय आहे. समोर ‘संपले’ दिसलं की चांगला निवेदकसुद्धा बातम्यांच्या आवाजात शिरतो. अनुस्वार दिसला की मान जरा सैल होते.

१४ जून

कंपनीत बैठक. सेल्सचे साहेब, इंजिनिअर, आणि मालकांचे चिरंजीव.

साहेबांनी खर्डा कागदावर वाचला आणि म्हणाले, ‘हे फारच साधं आहे हो. प्रॉडक्ट प्रीमियम वाटत नाही.’ अपेक्षित होतं. बोलायचा मजकूर डोळ्यांनी वाचला की तो नेहमीच उघडा-बोडका दिसतो. म्हणून मी घरी रेकॉर्ड करून नेलं होतं. त्यांना म्हटलं, कागद उलटा ठेवा आणि ऐका. आधी तुमचं, मग हे. प्रत्येकी एकदाच. ऐकून झाल्यावर चिरंजीवांना विचारलं, आठवतं ते सांगा. त्यांच्या स्वतःच्या संहितेतल्या पाच बिघाडांपैकी त्यांना तीन आठवले. नवीन खर्ड्यातली गोष्ट त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. त्यावर फार बोलावं लागलं नाही.

दोन गोष्टींवर मात्र अडलं. साहेबांना १४ च्या १४ फीचर हवी होती. मी म्हटलं, पेटीच्या खोक्यावर छापा, तिथे माणूस बोट ठेवून वाचतो. ओव्हरलोड, फेज रिव्हर्सल वगैरे तिकडे गेली.

दुसरी अडचण ‘रेंज गेली, तर फोन येणार नाही’ या ओळीची. ‘आपणच आपली उणीव का सांगायची?’ इथे इंजिनिअर माझ्या बाजूनं बोलले. म्हणाले, आत्ता रेंज गेली की गिऱ्हाईक पेटी बिघडली म्हणून फोन करतं, आपला माणूस ४० किलोमीटर गाडी मारून जातो आणि सिम काढून पुन्हा घालून परत येतो. ओळ राहिली. त्यामागची बढाईची ओळ मात्र काढा, असं मीच सुचवलं, म्हणजे दोन्हीकडून थोडं सुटलं.

‘लाईट येताच आपोआप’ काढण्यावर साहेब नाराजच आहेत. पाटीवर ‘ऑटो मोड, उशिरा सुरू होण्याच्या सोयीसह’ एवढं टाकायचं ठरलं.

१७ जून

स्टुडिओ. व्हॉइस आर्टिस्ट मूळच्या विदर्भातल्या, रेडिओवर बरीच वर्षं काढलेल्या. त्यांनी माईकसमोर बसण्याआधी कागद मागितला आणि सरळ माझ्या स्वल्पविरामांवर पेन चालवलं. ‘हा तुमचा व्याकरणाचा आहे, हा श्वासाचा आहे. मला श्वासाचेच ठेवा.’ अगदी बरोबर. ‘लाईट आली, की’ यात ‘की’च्या आधीचा स्वल्पविराम काही जण छापताना गाळतात, पण बोलताना तिथेच क्षणभर थांबलं की पुढची घटना येतेय हे ऐकणाऱ्याला कळतं. तो ठेवला.

कागदावर कधीच सापडल्या नसत्या अशा तीन गोष्टी हेडफोनमध्ये सापडल्या.

‘पेटीचा कॉल येतो’ असं एका जागी होतं. स्टार्टरमध्ये कॉईल असते आणि शेतकऱ्याला ती चांगली माहीत असते, कारण ती जळते. ‘कॉल’ आणि ‘कॉईल’ स्टॉलच्या गोंगाटात एकच. सगळीकडे ‘फोन’ केलं.

‘एक फेज गेला की मोटर बंद पडते’ असं मी लिहिलं होतं. लिहिताना सरळ वाटलं. ऐकताना वाटलं, बंद पडते म्हणजे बिघडते. पेटीनं मुद्दाम बंद केली हा अर्थच गेला. ‘पेटी मोटर बंद करते’ असं केलं. कोण काय करतंय हे दरवेळी सांगायला हवं, भले ‘पेटी’ हा शब्द चार वेळा येवो. कागदावर पुनरुक्ती खटकते, कानाला ती खुंटीसारखी उपयोगी पडते.

तिसरी सर्वांत मजेदार. ‘फोन उचला, एक दाबा.’ रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, ‘काय एकदा दाबा?’ एक दाबा, एकदा दाबा. जोडून म्हटलं की फरक उरतच नाही. ‘एकचं बटण दाबा’ करून पाहिलं, तर ते ‘एकच बटण’ झालं. ‘एक नंबर दाबा’वर सगळे हसले. शेवटी उपाय निघाला तो शब्दात नव्हता, जोडीत होता: ‘मोटर चालू करायला एक दाबा, बंद करायला दोन.’ शेजारी ‘दोन’ आला की ‘एक’ हा आकडाच आहे हे आपसूक कळतं. सहा शब्द वाढले, पण आता चुकीचं ऐकायला जागा नाही.

पहिली ओळ ‘रात्री दहाला लाईट आली’ अशी होती. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे दहाला नसते.’ रात्रपाळीची वेळ प्रत्येक फीडरला वेगळी. ‘रात्रीची लाईट आली’ केलं.

पाचव्या टेकला झालं. आवाज ७६ सेकंद, विराम धरून ९१. एक सेकंद एडिटमध्ये निघेल.

अंतिम मजकूर इथे ठेवते, १३९ शब्द:

«रात्रीची लाईट आली. आता उठायचं, बॅटरी घ्यायची, आणि विहिरीवर जायचं.

ही पेटी स्टार्टरशेजारी बसते. आत सिमकार्ड असतं. लाईट आली, की पेटी तुम्हाला फोन करते. फोन उचला. मोटर चालू करायला एक दाबा, बंद करायला दोन. मोटर सुरू झाली, की पेटी तसं सांगते.

मोटर चालू असताना एक फेज गेला, तर ती उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते. तापते. आणि जळते. म्हणून फेज गेला, की पेटी आधी मोटर बंद करते. मग तुम्हाला फोन करते.

विहिरीचं पाणी संपलं, तर मोटर कोरडी फिरते. कोरडी फिरली, की तिचा करंट उतरतो. पेटी तेवढ्यावरून ओळखते, आणि मोटर थांबवते.

रेंज गेली, तर फोन येणार नाही. फेज गेला, तर मोटर मात्र थांबेल. त्याला रेंज लागत नाही.

जुना स्टार्टर काढायचा नाही. पेटी बसवल्यावर, विहिरीत पाणी असताना मोटर चालवा, आणि तिचा नेहमीचा करंट पेटीत भरून घ्या. हे राहिलं, तर पाणी संपलेलं पेटीला कळणार नाही.

रात्रीची लाईट आली. फोन वाजला. अंथरुणातूनच मोटर सुरू.»

कंपनीचं नाव आवाजात एकदाही नाही. लोगो आहे, पाटी आहे, पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं आहे.

१९ जून

एडिटिंग. ‘तापते. आणि जळते.’ इथे एडिटरनं दोन शब्दांमधली शांतता कापून टाकली होती, त्याला वाटलं रिकामी जागा राहिली. परत घालायला लावली. खाली संगीत होतं, तेही त्या जागी पूर्ण उतरवलं. स्टुडिओच्या स्पीकरवर सगळंच छान वाटतं, म्हणून शेवटचं ऐकणं स्वस्तातल्या फोनच्या स्पीकरवर, खिडकी उघडी ठेवून केलं. ‘ओढत राहते’ हे सोडून सगळं लागलं. तिथे बासरी जरा कमी केली.

२० जून

व्हिडिओ मामांना पाठवला. काहीही न सांगता. संध्याकाळी फोन आला.

‘पाहिला. ते करंट भरायचं म्हणतात, ते आपल्या पेटीत केलं होतं का गं?’

म्हटलं, मामा, ती दुसऱ्या कंपनीची पेटी आहे, मला कसं माहीत असणार. म्हणाले, मग त्या रिवाइंडिंगवाल्याला बोलावतो, उन्हाळ्यात मोटर तासभर कोरडीच फिरत होती.

कंपनीला कळवलं आहे की करंट भरण्याची ओळ कुठल्याही छोट्या आवृत्तीतून काढू नये. ३० सेकंदांची आवृत्ती पुढच्या आठवड्यात हवी आहे म्हणे. त्यात फेज आणि कोरडी मोटर यांतली एकच गोष्ट बसेल. कोणती, ते अजून ठरलेलं नाही.